आलेखाविना अर्धायुष्य

बारावीच्या किंवा नीटच्या सरावाला बसलेल्या मुलांना हा प्रश्न कधी ना कधी भेटतोच : 'सोबतच्या आलेखात एका किरणोत्सारी नमुन्याची सक्रियता काळानुसार कशी घटते ते दाखवले आहे. त्यावरून नमुन्याचे अर्धायुष्य काढा.' प्रश्न वाचून नजर आलेख शोधू लागते आणि आलेख कुठेच नसतो. झेरॉक्सची झेरॉक्स निघता निघता त्याचा काळा डाग झालेला असतो, किंवा कुणी प्रश्न टाइप करताना मजकूर घेतला आणि चित्र मागे राहिले. लेखनिकाच्या मदतीने पेपर लिहिणाऱ्या दृष्टिहीन विद्यार्थ्यासाठी तर चांगला छापलेला आलेखही नसल्यासारखाच. सीबीएसईच्या प्रश्नपत्रिकांत काही आकृत्यांच्या प्रश्नांना दृष्टिहीनांसाठी वेगळा पर्याय दिलेला असतो. सराव-संचांत एवढी तसदी सहसा कुणी घेत नाही.

अशा वेळी विद्यार्थी दोनपैकी एक गोष्ट करतो. एक तर प्रश्न सोडून देतो, नाहीतर पर्यायांतला 'बरा दिसणारा' आकडा उचलतो. दोन्ही घाईचे आहे. किरणोत्सारी ऱ्हासाच्या बाबतीत चित्र हरवल्याने जेवढे हरवले असे वाटते, त्याहून पुष्कळ कमी हरवलेले असते. कधी कधी मात्र सगळेच हरवलेले असते. यातली कोणती परिस्थिती आपल्यासमोर आहे, हे ओळखणे हाच या गणितांतला कळीचा भाग.

आधी त्या हरवलेल्या चित्रात काय होते ते पाहू. डाव्या बाजूला उंचावरून सुरू होऊन उजवीकडे उतरत जाणारी, आधी भराभर आणि मग सावकाश खाली येणारी, पण आडव्या अक्षाला कधीच न टेकणारी एक वक्ररेषा. हा आकार प्रश्नागणिक बदलत नाही. थोरियमपासून निघणारा वायू मिनिटाभरात अर्धा होतो, थायरॉइडच्या उपचारांत वापरले जाणारे आयोडीन-१३१ आठ दिवसांत, आणि युरेनियम-२३८ कोट्यवधी वर्षांत. तरी तिघांचे आलेख एकमेकांवर ठेवले तर तंतोतंत जुळतात. बदलतात ते फक्त अक्षांवरचे आकडे.

याचे कारण केंद्रकाच्या स्वभावात आहे. केंद्रक म्हातारे होत नाही. साठ वर्षांच्या माणसाला पुढच्या वर्षात असलेला धोका विशीतल्या माणसापेक्षा जास्त असतो. पण काल तयार झालेले आयोडीन-१३१चे केंद्रक आणि महिनाभर टिकून राहिलेले केंद्रक यांची पुढच्या तासात फुटण्याची शक्यता अगदी सारखी असते. प्रत्येक केंद्रकाची शक्यता ठरलेली, आणि आधी किती काळ गेला याची त्याला दखल नाही. म्हणून ठरावीक काळात नेहमी ठरावीक हिस्साच कमी होतो. आठ दिवसांत अर्धे, पुढच्या आठ दिवसांत उरलेल्याचे अर्धे, त्यापुढच्या आठात त्याचेही अर्धे. वक्ररेषेचा आकार या एका नियमातून येतो आणि तो आपल्याला चित्राविनाही ठाऊक असतो.

म्हणजे चित्राने दिलेली नवी माहिती केवढी? फक्त दोन नोंदी. अमुक वेळी सक्रियता एवढी होती आणि तमुक वेळी एवढी. या दोन नोंदी प्रश्नाच्या मजकुरात कुठेही सापडल्या, तर आलेखाची गरज संपली.

उदाहरण घेऊ. प्रश्नात आलेख नाही, पण एक वाक्य आहे : 'सुरुवातीला ८०० बेकेरेल असलेली सक्रियता २४ दिवसांनी १०० बेकेरेल झाली.' बेकेरेल म्हणजे सेकंदाला एक केंद्रक फुटणे. ८००चे ४००, ४००चे २००, २००चे १००. निम्मे होण्याच्या तीन पायऱ्या झाल्या आणि त्यांना २४ दिवस लागले. अर्धायुष्य आठ दिवस, बहुधा आयोडीन-१३१. आता पुढचा उपप्रश्न येतो : 'विसाव्या दिवशी सक्रियता किती असेल?' आलेख असता तर वीसवर बोट ठेवून वर गेलो असतो. आलेख नसताना बरेच जण असा हिशोब करतात : सोळाव्या दिवशी २००, चोविसाव्या दिवशी १००, वीस हा बरोबर मधला दिवस, म्हणून १५०. हे चुकते. वक्ररेषा या दोन बिंदूंना जोडणाऱ्या सरळ रेषेच्या खाली झोल खाते, त्यामुळे उत्तर १५०पेक्षा कमीच येणार. किती कमी? काळाच्या बरोबर मध्यावर दोन्ही नोंदींची बेरीज करून निम्मे घ्यायचे नसते, गुणाकार करून वर्गमूळ घ्यायचे असते. २०० गुणिले १०० म्हणजे २०,०००, आणि त्याचे वर्गमूळ सुमारे १४१. हेच उत्तर.

सरळ रेषेचा हा मोह परीक्षेपुरता नाही. लासलगावला भाभा अणुसंशोधन केंद्राने उभारलेल्या 'कृषक' प्रकल्पात कांद्याला मोड येऊ नयेत म्हणून त्यावर कोबाल्ट-६०च्या गॅमा किरणांचा मारा करतात. (त्याने कांदा स्वतः किरणोत्सारी होत नाही, ही शंका अजूनही विचारली जाते म्हणून सांगितले.) कोबाल्ट-६०चे अर्धायुष्य ५.२७ वर्षे. मग एका वर्षात त्याची सक्रियता किती घटेल? पन्नास टक्क्यांना ५.२७ने भागले की साडेनऊ टक्के येतात. पण खरी घट १२.३ टक्के आहे, कारण सुरुवातीचा उतार नंतरच्या उतारापेक्षा तीव्र असतो. तीन वर्षांनी स्रोत मूळच्या सुमारे ६७ टक्के उरतो. तेवढीच मात्रा द्यायची तर माल किरणांसमोर जवळजवळ दीडपट वेळ ठेवावा लागतो. अशा स्रोतांसोबत येते ती सक्रियता आणि ती ज्या तारखेला मोजली ती तारीख. वक्ररेषेचे चित्र कुणी देत नाही आणि ते लागतही नाही.

परीक्षेतल्या प्रश्नांत दुसरी अडचण अशी की दिलेल्या दोन नोंदींपैकी एकही शून्य वेळेची नसते. 'दहाव्या मिनिटाला ९६०, चाळिसाव्या मिनिटाला १२०.' इथे विद्यार्थी अडखळतो, कारण सूत्रात सुरुवातीची सक्रियता लागते आणि ती तर आलेखात होती. पण केंद्रकाला भूतकाळाची दखल नाही हे लक्षात ठेवले, तर कोणत्याही क्षणाला शून्य म्हणता येते. दहावे मिनिट हीच सुरुवात समजा. ९६०चे १२० म्हणजे आठवा भाग, म्हणजे तीन पायऱ्या. त्यांना लागली तीस मिनिटे. अर्धायुष्य दहा मिनिटे. मूळ आकडा हवाच असेल तर एक पायरी मागे जायचे : शून्याव्या मिनिटाला १,९२०.

या विद्येची सुरुवात जिथे झाली तिथेही सुरुवातीचा क्षण असाच सोयीने निवडलेला होता. मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात अर्नेस्ट रदरफोर्ड थोरियमच्या संयुगांतून निघणाऱ्या एका किरणोत्सारी वायूमागे लागला होता. १९०० साली त्याने प्रसिद्ध केले की या वायूची सक्रियता साधारण दर मिनिटाला निम्मी होते. आज त्या वायूला आपण रेडॉन-२२० म्हणतो आणि त्याचे अर्धायुष्य ५५.६ सेकंद धरतो. त्या काळच्या विद्युतमापीने मिनिटभर टिकणाऱ्या वायूचा एवढा जवळचा आकडा काढणे सोपे नव्हते.

दोन वर्षांनी रदरफोर्ड आणि फ्रेडरिक सॉडी यांनी थोरियमपासून एक वेगळा पदार्थ अलग केला आणि त्याला 'थोरियम-एक्स' म्हटले. अलग केलेल्या थोरियम-एक्सची सक्रियता चारेक दिवसांत निम्मी झाली. त्याच चार दिवसांत मागे उरलेल्या थोरियमने गमावलेल्या सक्रियतेपैकी निम्मी पुन्हा कमावली. एक रेषा उतरणारी, दुसरी चढणारी, आणि दोघी बरोबर पन्नास टक्क्यांवर एकमेकींना छेदणाऱ्या. १९३१ साली रदरफोर्डला सरदारकी मिळाली, तेव्हा त्याने आपल्या कुलचिन्हाच्या ढालीवर याच दोन छेदणाऱ्या वक्ररेषा घेतल्या. ढालीच्या वर किवी पक्षी आहे, कारण जन्म न्यूझीलंडचा. पदार्थविज्ञानाचा आलेख असा ढालीवर मिरवणारा उमराव विरळाच.

त्या दोन रेषांतून आजच्या विद्यार्थ्यासाठी एक ताकीदही निघते. हरवलेल्या आलेखात उतरणारी रेषा होती की चढणारी? आलेख समोर असताना ही शंका येतच नाही, नजरेलाच उत्तर मिळते. तो नसताना मजकुरावर विसंबावे लागते आणि मजकूर निसरडा असतो. '३० मिनिटांत नमुन्याचा ७५ टक्के भाग' एवढेच वाचून पुढे गेलात तर फसलात. तो भाग फुटून गेला की शिल्लक राहिला? फुटून गेला असेल तर उरले २५ टक्के, म्हणजे दोन पायऱ्या, अर्धायुष्य १५ मिनिटे. शिल्लक राहिला असेल तर अजून अर्धी घटही झालेली नाही आणि अर्धायुष्य सुमारे ७२ मिनिटे येते. एकाच आकड्यावरून दोन उत्तरे, आणि त्यांत जवळजवळ पाचपट फरक. 'साडेबारा टक्क्यांनी घटली' आणि 'साडेबारा टक्क्यांवर आली' यांतही असाच सापळा आहे. मराठीत तो एका विभक्तीच्या प्रत्ययात लपतो, म्हणून आणखी जपून वाचावे.

आणखी एक खूण मजकुरातच मिळू शकते. प्रश्नात 'सरळ रेषेचा उतार' असे शब्द आले, तर हरवलेला आलेख नेहमीचा नव्हताच. उभ्या अक्षावर सक्रियता नव्हती, तिचा लॉगॅरिदम होता. तिथे वक्ररेषेची सरळ रेषा होते आणि तिचा उतार म्हणजे ऱ्हासाचा दर. नैसर्गिक लॉग असेल तर ०.६९३ला त्या उताराने भागायचे, आणि दहाच्या पायाचा असेल तर ०.३०१ला. कोणता पाया ते लिहिलेले नसेल तर मात्र प्रश्न अर्धवट आहे.

इथवर सगळे आकडे शहाण्यासारखे वागले. प्रयोगशाळेतून आलेले आकडे तसे वागत नाहीत, आणि खरा रस तिथेच आहे.

समजा आलेख नाही, पण त्याखालचा तक्ता शाबूत आहे. गायगर गणकाने दर मिनिटाला किती कण मोजले, त्याच्या या चार नोंदी : सुरुवातीला ४२०, चौथ्या मिनिटाला २२०, आठव्याला १२०, बाराव्याला ७०. अर्धायुष्य किती? पहिली आणि शेवटची नोंद घ्यावी तर ४२० भागिले ७० म्हणजे सहा. चार आणि आठ यांच्या मधला आकडा, म्हणजे दोन ते तीन पायऱ्यांच्या दरम्यान. लॉग वापरून हिशोब केला तर २.५८ पायऱ्या. बारा मिनिटांना त्याने भागले की ४.६ मिनिटे. उत्तर दिसायला देखणे आहे, पण चुकीचे आहे.

चूक आहे हे कसे कळते? उत्तर आल्यावर थांबायचे नाही, तक्त्याकडून तेच पुन्हा तपासून घ्यायचे. ४२०चे २२० होताना आकडा १.९१ने भागला गेला. २२०चे १२० होताना १.८३ने, आणि १२०चे ७० होताना १.७१ने. चारही नोंदींमधले अंतर सारखेच, चार मिनिटांचे. मग केंद्रकाच्या नियमाप्रमाणे तिन्ही भागाकार सारखे यायला हवे होते. ते एकेक करत घसरत आहेत, म्हणजे या आकड्यांत नमुन्याखेरीज दुसरेही काही मिसळले आहे.

ते दुसरे काही म्हणजे पार्श्वभूमी. नमुना उचलून कपाटात ठेवला तरी गणक गप्प बसत नाही. भिंतीतल्या, जमिनीतल्या, हवेतल्या किरणोत्सारी अणूंमुळे आणि अवकाशातून येणाऱ्या किरणांमुळे त्याच्या नोंदी सुरूच राहतात. हा आकडा नमुन्याबरोबर घटत नाही, प्रत्येक नोंदीला सारखाच चिकटलेला असतो. सुरुवातीच्या मोठ्या आकड्यांत तो लपून जातो आणि शेवटच्या लहान आकड्यांना फुगवतो. म्हणून शेवटी शेवटी ऱ्हास मंदावल्यासारखा दिसतो आणि अर्धायुष्य खऱ्यापेक्षा मोठे येते. आलेख असता तर रेषेची शेपटी शून्याऐवजी थोडी वर तरंगताना दिसली असती आणि अनुभवी माणसाने लगेच ओळखले असते. आलेख नसताना ही तरंगणारी शेपटी आकड्यांतूनच शोधायची.

त्यासाठी एक सोपी रीत आहे. भागाकार करू नका, आधी वजाबाक्या करा. ४२० वजा २२० म्हणजे २००. २२० वजा १२० म्हणजे १००. १२० वजा ७० म्हणजे ५०. या वजाबाक्यांचे आकडे बघा : २००, १००, ५०. चोख निम्मे निम्मे. प्रत्येक नोंदीत पार्श्वभूमी सारखीच असल्याने वजाबाकी करताना ती आपोआप उडून गेली आणि मागे निव्वळ नमुन्याचा ऱ्हास उरला. अर्धायुष्य बरोबर चार मिनिटे. आता पार्श्वभूमीही काढता येते. चार मिनिटांत नमुन्याची सक्रियता २००ने घटली आणि ती घट निम्म्याची होती, म्हणजे सुरुवातीला नमुन्याचे ४०० होते. मोजले ४२०, तेव्हा वरचे २० पार्श्वभूमीचे. ते प्रत्येक नोंदीतून वजा केले की तक्ता ४००, २००, १००, ५० असा निर्मळ होतो.

वजाबाक्याही ठरावीक पटीने घटल्या नाहीत तर? मग संशय दुसरीकडे वळवायचा. नमुन्यात दोन वेगवेगळे किरणोत्सारी पदार्थ मिसळलेले असू शकतात, एक लवकर संपणारा आणि एक रेंगाळणारा. तेव्हा दोन नोंदींवरून काढलेले कोणतेही 'अर्धायुष्य' निरर्थक असते. त्या मिश्रणाला एकच अर्धायुष्य नसतेच.

या वजाबाकीच्या रीतीची मर्यादाही सांगायला हवी, कारण ती पुस्तकातल्या आकड्यांवर जेवढी चमकते तेवढी प्रयोगशाळेत चमकत नाही. केंद्रके फुटणे हा संभाव्यतेचा खेळ असल्याने नोंदीत चढउतार येतोच, आणि तो साधारणपणे नोंदीच्या वर्गमूळाएवढा असतो. १२० मोजले तर अकराएक इकडेतिकडे, ७० मोजले तर आठेक. त्यांची वजाबाकी ५० आली, तरी तिच्यातली अनिश्चितता १४च्या घरात जाते. म्हणजे खरा फरक ३६ असू शकतो किंवा ६४ही. अशा डळमळीत आकड्यावर अर्धायुष्य ठरवणे धोक्याचे. म्हणून प्रयोगशाळेत पार्श्वभूमी वेगळी मोजतात. नमुना दूर ठेवून गणक दहा-पंधरा मिनिटे किंवा त्याहून जास्त वेळ चालू ठेवायचा, मिनिटाची सरासरी काढायची आणि मग ती वजा करायची. वजाबाक्यांची रीत कागदावरच्या स्वच्छ आकड्यांसाठी आणि प्रयोगशाळेत पहिला संशय घेण्यासाठी.

आता असे एक गणित, ज्यात आलेख कुणी गहाळ केलेला नाही, तो काढताच येत नाही.

युरेनियम-२३८चे अर्धायुष्य सुमारे ४४७ कोटी वर्षे, जवळजवळ पृथ्वीच्या वयाएवढे. त्याचा ऱ्हासाचा आलेख काढायला बसलेल्या माणसाला आयुष्यभर एक आडवी रेषाच दिसेल. शंभर वर्षांत होणारी घट कोणत्याही गणकाच्या चुकीपेक्षा लहान असते. मग हा आकडा कुणाला कसा कळला?

तो एकाच नोंदीवरून कळतो, फक्त सोबत अणूंची संख्या माहीत हवी. एक ग्रॅम शुद्ध युरेनियम-२३८ घ्या. त्यात दर सेकंदाला सुमारे १२,४४० केंद्रके फुटतात. एका ग्रॅममध्ये अणू किती ते ॲव्होगॅड्रोच्या संख्येवरून निघते : सुमारे अडीच हजार अब्ज अब्ज. अणूंच्या संख्येला सेकंदाला फुटणाऱ्यांच्या संख्येने भागले की एका केंद्रकाचे सरासरी आयुष्य मिळते. ते सेकंदांत प्रचंड येते, वर्षांत मांडले की सुमारे ६४४ कोटी. सरासरी आयुष्य आणि अर्धायुष्य एक नव्हे. काही केंद्रके फार दीर्घकाळ टिकून सरासरी वर खेचतात, म्हणून अर्धायुष्य सरासरीच्या ०.६९३ पट असते. ६४४ कोटींना ०.६९३ने गुणले की ४४६ कोटींच्या आसपास येते. मधल्या आकड्यांचे अपूर्णांक न सोडता हिशोब केला तर बरोबर ४४७ कोटींवर पोहोचतो. वक्ररेषेचा एक मिलिमीटरही न पाहता तिचा पूर्ण विस्तार कळला.

परीक्षेत ही वाट फार कमी जणांना आठवते. प्रश्नात नमुन्याचे वजन, अणुभारांक आणि सक्रियता अशा तीन गोष्टी दिल्या असतील, तर आलेख हरवला तरी काही बिघडले नाही. वेळ आणि सक्रियता यांची जोडी शोधत बसायचे कारणच नाही.

प्रत्यक्ष मोजणीत मात्र इथे वेगळ्या चुका होतात. निसर्गात सापडणारे युरेनियम घेतले, तर त्यात युरेनियम-२३४ असते. वजनाने ते नगण्य, पण सक्रियतेने ते युरेनियम-२३८च्या जवळपास बरोबरीचे, आणि तेही अल्फा कणच सोडते. दोघांचे कण एकत्र मोजले तर सक्रियता दुप्पट दिसते आणि अर्धायुष्य निम्मे येते, सव्वादोनशे कोटींच्या आसपास. म्हणून कणांची ऊर्जाही तपासावी लागते, कारण युरेनियम-२३४चे अल्फा कण जास्त ऊर्जेचे असतात. शिवाय नमुना जाड असेल तर आतले अल्फा कण बाहेर पडण्याआधीच त्यात जिरतात आणि अर्धायुष्य फुगून येते. त्यासाठी अत्यंत पातळ थर लागतो.

याच रीतीने २००३ साली फ्रान्समधल्या ऑर्से येथील शास्त्रज्ञांनी बिस्मथ-२०९ला गाठले. तोवर ते स्थिर समजले जात असे. त्याचे अर्धायुष्य विश्वाच्या आजवरच्या वयाच्या अब्जपटीहून जास्त निघाले. असा आलेख कुणाच्याही वहीत कधी येणार नाही.

शेवटी उरतो तो प्रश्न, ज्याचे उत्तर काढता येत नाही. 'आकृतीत दाखवल्याप्रमाणे सक्रियता घटते. अर्धायुष्य किती? २, ४, ६ की ८ तास?' मजकुरात दुसरी नोंद नाही, वजन नाही, पदार्थाचे नाव नाही. पदार्थाचे नाव असते तर पाठ केलेले अर्धायुष्य कामी आले असते. एखादा उपप्रश्न असता, 'बारा तासांनी सोळावा भाग उरतो हे दाखवा' अशा धर्तीचा, तर त्यातून चार पायऱ्या आणि तीन तास निघाले असते. कधी कधी उत्तरसूचीतही हरवलेली नोंद सापडते. यातले काहीच नसेल तर गणित तिथेच थांबते.

इथे सगळ्यात वाईट सवय म्हणजे मनाने आलेख काढणे. कुणीतरी मदत म्हणून कागदावर एक छानशी वक्ररेषा काढतो, तिच्यावर 'चार तासांनी निम्मी' असे सोयीचे आकडे घालतो आणि मग नियमाने अगदी बिनचूक उत्तर काढतो : चार तास. पायऱ्या बरोबर, सूत्र बरोबर, उत्तरही पर्यायांत आहे. फक्त ते प्रश्नाचे उत्तर नाही, काढणाऱ्याने स्वतः घातलेला आकडाच फिरून परत आला. अशा उत्तराला गुण मिळाले तरी तो योगायोग. परीक्षेत हा प्रसंग आला तर 'आलेख नसल्याने माहिती अपुरी' असे स्पष्ट लिहावे, पर्यवेक्षकांना सांगावे आणि पुढच्या प्रश्नाकडे जावे.

खरे काम प्रश्न तयार करणाऱ्यांचे आणि टाइप करणाऱ्यांचे आहे, आणि ते एका ओळीचे आहे. आलेखाखाली दोन नोंदी वेळेसह शब्दांत लिहा. त्या उरलेल्या भागाच्या आहेत की फुटून गेलेल्या, ते सांगा. अक्ष लॉगचा असेल तर त्याचा पाया लिहा, आणि पार्श्वभूमी वजा केली आहे की नाही तेही. मग झेरॉक्स काळी पडली, चित्र गळले किंवा पेपर कुणाला वाचून दाखवावा लागला, तरी प्रश्न सुटू शकेल.